झिरो बॅलन्स आणि पाचवा शनिवार

नाशिकच्या मजूर नाक्यावर उभे राहणारे आमचे एक चाचा चिडून म्हणाले, "बेटा, झिरो बॅलन्सच्या खात्यातूनही पैसे कापले!" मी पासबुक पाहिलं. शिल्लक कमी म्हणून काहीच कापलेलं नव्हतं. तसं कापताच येत नाही. एटीएम कार्ड मोफत, पैसे कितीही वेळा भरा. पण मोफत पैसे काढण्याची हमी महिन्यात ४ वेळांचीच, एटीएम धरून. चाचा दर दोन दिवसांनी २०० रुपये काढत. पाचव्या वेळेपासून शुल्क लागलं. आता ते शनिवारीच, आठवड्याचे एकदम काढतात. महिन्यात पाचवा शनिवार असेल तर चौथ्यालाच दुप्पट. आणि हो, त्याच बँकेत आधीचं बचत खातं असेल, तर ते ३० दिवसांत बंद करावं लागतं.