चार आठवड्यांची वही

आम्ही तिघीजणी घरून भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामं घेतो. कामं देणारे चार-पाच, आणि प्रत्येकाला आपलंच काम आधी हवं असतं. कुणाला कुठली तारीख द्यायची, हे आम्ही कसं ठरवतो ते आज सांगतो.

आम्ही प्रत्येकीने एक वही ठेवली आहे. समोरासमोरच्या दोन पानांवर चार रकाने, म्हणजे चार आठवडे. दर शनिवारी संपलेला आठवडा खोडायचा आणि पुढे एक नवा जोडायचा. त्यामुळे समोर कायम चारच आठवडे दिसतात. रकान्यात नुसती तारीख न लिहिता कामाला लागणारे तास लिहायचे. घरचं सगळं सांभाळून आठवड्याला चोवीस तास मिळत असतील, तर भरायचे अठराच. उरलेले सहा तास पाहुण्यांसाठी, तापासाठी आणि गेलेल्या विजेसाठी.

आमच्यातल्या एकीच्या वहीचंच उदाहरण घ्या. एका वार्तापत्राचे दर आठवड्याला चार तास ठरलेले. शाळेच्या पुस्तकाची प्रुफं पहिल्या आठवड्यात दहा तास, दुसऱ्यात चार. तेवढ्यात फोन आला: सहा हजार शब्दांची पुस्तिका, दोन आठवड्यांत हवी. तिचा वेग तासाला अडीचशे शब्द. म्हणजे भाषांतराला चोवीस तास, तपासायला आणखी सहा, एकूण तीस. वहीत मोकळे तास होते पहिल्या आठवड्यात चार, दुसऱ्यात दहा. दोन्ही मिळून चौदाच! तिसऱ्यात चौदा धरले तरी दोन तास चौथ्यात जातात. तिने फोनवरच सांगितलं, "पहिले अडीच हजार शब्द तपासून दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी देते, बाकीचे चौथ्या आठवड्याच्या बुधवारी." त्यांनी ते मान्य केलं.

पुढे सोमवारी येणारी प्रुफं आलीच नाहीत. ती शनिवारी आली. पुस्तिकेचा मजकूर हाताशी होता, म्हणून तिने ते दहा तास पुस्तिकेला दिले आणि प्रुफं दुसऱ्या आठवड्यात घेतली. पुस्तिकेची तारीख पाळली गेली. प्रुफांची तारीख मात्र जितके दिवस उशीर, तितकी पुढे. हे त्याच दिवशी कळवायचं, शेवटच्या दिवशी नाही.

काम झालं की धरलेल्या तासांशेजारी खरे लागलेले तास लिहा. राखलेले सहा तास लागोपाठ तीन आठवडे संपत असतील, तर दोष पाहुण्यांचा नाही. आपण धरलेला वेग चुकला आहे. आणि एकच काम तीन शनिवार पुढच्या रकान्यात ढकललं जात असेल, तर त्या माणसाला फोन करून नवी तारीख द्या, नाहीतर काम परत करा. वही जास्तीचे तास देत नाही. किती उरलेत, तेवढं दाखवते.