चार पोरं, एक फ्लॅट आणि शब्दाची किंमत

आपल्यापैकी कुणाचा मुलगा चाकणला कंपनीत लागलाय, तर कुणी घरावर मजला चढवून तो भाड्याने द्यायला काढलाय. दोन्हीकडच्या बायका आमच्या गटात आहेत. म्हणून आज बोलू या, एकटी राहणारी कामकरी मुलं जागा मागायला येतात तेव्हा काय बोलावं आणि काय लिहून घ्यावं.

आमच्या गटातल्या एका ताईंचा चाकणजवळ वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. दोन खोल्या आणि किचन. मराठवाड्यातली चार पोरं आली. "काकू, आम्ही चांगल्या घरची आहोत, काही त्रास होणार नाही," म्हणाली. ताई म्हणाल्या, "बाळांनो, असं सगळेच म्हणतात. तुमचा दिवस कसा जातो ते सांगा."

मग खरं बोलणं झालं. दोघांची पहिली पाळी, दोघांची रात्रपाळी. म्हणजे पहाटे आणि मध्यरात्री जिन्यात बूट वाजणार, गाडी सुरू होणार. पोरं आपणहून म्हणाली, "रात्री गाडी फाटकापासून ढकलत आणू. मोबाईलला इयरफोन लावू." दारू घरात नाही. पाहुणा मुक्कामी येणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, दोन रात्रींपेक्षा जास्त नाही. "आम्ही नीट राहू" हे तपासता येत नाही. गाडी ढकलत आणली की नाही, हे खिडकीतून दिसतं. मुलाला जागा बघायला पाठवताना हेच शिकवा: आश्वासन असं द्यायचं की ते पाळलं की नाही हे समोरच्याला कळलं पाहिजे.

पण शेजारणींशी बोलल्यावर आम्हाला कळलं, की भांडणं आवाजावरून कमी आणि पैशावरून जास्त होतात. चौघांतला एक मध्येच काम सोडून गावी जातो, तिथून सुरू होतं. या फ्लॅटचं भाडं १२,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी ३,०००. डिपॉझिट ३६,०००, म्हणजे प्रत्येकी ९,०००. एक गेला तर मालकीण म्हणते, मला पूर्ण १२,००० हवेत. तिघं म्हणतात, आमचे ९,०००च. जाणारा म्हणतो, माझं डिपॉझिट आत्ता द्या.

ताईंनी हे आधीच ठरवलं. भाडं चौघांनी मिळून द्यायचं, एकाच्या खात्यातून, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. कुणी निघणार असेल तर महिनाभर आधी सांगायचं. नवा मुलगा आला की त्याने जाणाऱ्याला ९,००० द्यायचे, ताईंकडचे ३६,००० तसेच राहतील. पण नवा मुलगा आधी ताईंना भेटणार, आधार कार्ड आणि कंपनीचं ओळखपत्र दाखवणार, आणि त्याचं नाव कागदावर चढल्याशिवाय राहायला येणार नाही. नाहीतर सहा महिन्यांनी वर राहणाऱ्या चौघांतला एकही आपल्या ओळखीचा नसतो.

आता कागदाबद्दल. आपल्याकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, की हा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे साध्या स्टँपपेपरवर सह्या घेऊन कपाटात ठेवल्या तर आपलीच बाजू लंगडी पडते. करारात चौघांचीही नावं आणि सह्या घाला. एकाच्याच नावावर केला तर बाकी तिघं कागदावर पाहुणेच. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहितीही देऊन ठेवा.

मुलांच्या आयांनो, तुमच्या मुलाने करारावर सही केली का, आणि त्याची प्रत त्याच्याकडे आहे का, हे फोनवर जरूर विचारा. डिपॉझिट रोख दिलं असेल तर पावती घ्यायला सांगा. जागेत शिरण्याआधी नळ, पंखे, भिंती, खिडकीच्या काचा यांचे फोटो काढून मालकिणीला पाठवायला सांगा. निघताना "काच तुम्ही फोडली" या वादाला जागा राहत नाही.

आणि मालकिणींनो, आपणही शब्द द्यायचा असतो. ताईंनी दिला: पाणी रोज किती वेळ येईल ते खरं सांगेन, विजेचं बिल मीटर दाखवून घेईन, आणि रात्रपाळीची पोरं दिवसा झोपली असतील तेव्हा दार वाजवायच्या आधी फोन करीन. हेही त्यांनी करारातच लिहिलं. पोरांनी ते वाचलं, आणि मगच सह्या केल्या.