शस्त्रक्रिया : कोणाला, किती आणि कशासाठी?

पारलिंगी माणसाची शस्त्रक्रिया म्हटली, की एकदम सारे शरीर पालटते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः छातीची, गर्भाशयाची, जननेंद्रियांची अशा त्या निरनिराळ्या आहेत. कोणी एखादीच करवितो, कोणी एकही नाही. आज आपण छातीचेच उदाहरण घेऊ.

जन्मतः मुलगी ठरविला गेलेला, पण पुरुष असलेला एक तरुण डोळ्यांसमोर आणा. संप्रेरकांच्या औषधाने त्याला दाढी येते, आवाज घोगरा होतो. वाढलेले स्तन मात्र जात नाहीत. ते भरलेले असतील तर सर्जन खालच्या कडेने छेद घेऊन आतला भाग काढतात आणि स्तनाग्रे लहान करून योग्य जागी पुन्हा बसवितात. आतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळ्या साधारण आठवड्याने निघतात. जड उचलणे ४ ते ६ आठवडे वर्ज्य. पहिल्या एकदोन दिवसांत एकच बाजू ताठ फुगून ठणकू लागली, तर आत रक्त साचले असण्याचा संभव. तत्काळ सर्जनला गाठावे.

छाती सपाट होते, पण व्रण राहतात. ते फिके व्हायला वर्षही लागते. स्तनाग्रांची संवेदना बहुधा पूर्ववत होत नाही. हा व्यवहार काहींना पटतो. काहींना प्रकृती किंवा पैसा आड येतो, आणि काहींची आपल्या शरीराविषयी तक्रारच नसते. त्यांचे पुरुषपण त्यामुळे उणे होत नाही. ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, ते याच विचाराने.