दोन आकड्यांमधले अंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



रक्तदाब मोजून आलेली चिठ्ठी आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी असते. तिच्यावर दोन आकडे असतात, १२० आणि ८०, असे काहीतरी. घरात विचारणा होते ती मात्र वरच्या आकड्याचीच. “किती आहे?” म्हटले की “एकशेवीस” असे उत्तर येते आणि विषय संपतो. या दोन आकड्यांतून डॉक्टर मनातल्या मनात आणखी दोन आकडे काढीत असतात. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

पहिला अगदी सोपा. वरच्यातून खालचा वजा करावयाचा. १२० मधून ८० गेले, राहिले ४०. याला पल्स प्रेशर म्हणतात. आपण नाडीदाब म्हणू. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या वाटीहून कमीच, रक्त महाधमनीत ढकलते. तेवढ्याने नळीतला दाब खालच्या आकड्यावरून वरच्या आकड्यापर्यंत चढतो. हा चढ किती, ते दोन गोष्टींवर ठरते: हृदयाने किती रक्त ढकलले आणि नळी किती लवचिक आहे. तरुण माणसाच्या नळीत फारसा बदल होत नाही. तेव्हा त्याचे अंतर एकाएकी आक्रसू लागले, तर हृदयाच्या हाती ढकलावयास रक्तच कमी येत आहे, अशी शंका घ्यावी.

दुसरा आकडा सरासरीचा, मीन आर्टेरियल प्रेशर. येथे १२० आणि ८० यांची बेरीज करून निम्मे करावयाचे नाही. हृदयाचा आकुंचनाचा वेळ थोडा आणि विसाव्याचा जास्त, जवळजवळ दुप्पट. म्हणून खालच्या आकड्याला जास्त वजन द्यावे लागते. खालच्या आकड्यात अंतराचा तिसरा हिस्सा मिळवावयाचा. ८० अधिक १३, म्हणजे ९३. मूत्रपिंड, मेंदू यांच्याकडे रक्त रेटणारा दाब तो हा.

आता हे आकडे उपयोगी कोठे पडतात, ते पाहू. मी डेंग्यूचे उदाहरण घेते, कारण पावसाळ्यात आपल्याकडे तो घरोघर ऐकू येतो आणि त्यात एक मोठा चकवा आहे.

डेंग्यूत धोक्याची वेळ तापाच्या भरात नसते. ती बहुधा ताप उतरताना येते, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. त्या दिवस-दोन दिवसांत काही रोग्यांच्या केशवाहिन्यांतून रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते, पोटात आणि छातीत साठते. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही. आणि घरात तर त्याच वेळी “ताप गेला, सुटलो!” म्हणून आया निःश्वास टाकतात.

अशी एक १५ वर्षांची मुलगी समजा. चौथ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. रक्तदाब ११२ आणि ७०, नाडी ९२. अंतर ४२. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखते म्हणाली, दोनदा ओकली. रक्तदाब १०६ आणि ८०, नाडी १०८. अंतर २६. दुपारी १०२ आणि ८४, नाडी १२४. अंतर १८.

केवळ वरचा आकडा पाहणारा काय म्हणेल? एकशेदोन, ठीकच आहे की! सरासरी काढली तर आणखीच गंमत. ती ८४ वरून ८९ आणि मग ९० झाली, म्हणजे उलट वाढली. त्या सरासरीवर कोणी विसंबला तर फसलाच. होते असे की, रक्त कमी पडू लागताच शरीर हातापायांच्या आणि कातडीच्या बारीक धमन्या आवळून धरते. त्यामुळे खालचा आकडा वर सरकतो आणि दाब टिकून राहतो. वरचा आकडा मात्र हळूहळू उतरतो, कारण हृदय दर ठोक्याला थोडेच रक्त टाकीत आहे. दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतात. डेंग्यूत हे अंतर २० किंवा त्याहून कमी झाले की डॉक्टर त्याला शॉक समजतात, वरचा आकडा कितीही बरा दिसो. तो ढासळेपर्यंत थांबले तर बहुमोल वेळ हातचा जातो.

अशा मुलीचे हातपाय गार लागतात, नाडी बारीक आणि जलद होते, लघवी कमी होते, ती सुस्तावते किंवा चिडचिडी होते. तिच्या बोटाच्या टोकावर दाबून सोडले तर गुलाबी रंग परतावयास दोन सेकंदांहून अधिक लागतात. इस्पितळात शिरेतून सलाईन देतात, तेही मोजून. कारण झिरपलेले पाणी दोन-तीन दिवसांत रक्तात परत येते, आणि आधी फार भरले असेल तर श्वासाला त्रास होतो. म्हणून तेथे अंतर पुन्हा पुन्हा मोजतात.

मग सरासरी कशाला? तिचे काम दुसरीकडे आहे. जंतूंचे विष रक्तात पसरून जो शॉक येतो, त्यात बहुधा धमन्या आवळण्याऐवजी सैल पडतात. समजा, रक्तदाब ८८ आणि ४० झाला. अंतर ४८, म्हणजे दिसावयास चांगलेच. पण सरासरी ५६. एवढ्या रेट्यावर मूत्रपिंडाचे काम नीट चालत नाही. अतिदक्षता विभागात अशा रोग्याला औषध देऊन सरासरी साधारण ६५ वर आणून ठेवण्याचा प्रयत्न करतात. तेथे मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ती सतत पाहतात. आपला तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब नाडी फार जलद झाली की तितका खरा राहत नाही.

आपल्या सासूबाईंची गोष्ट निराळी. १६८ आणि ७० असा आकडा म्हातारपणी पुष्कळदा येतो. अंतर ९८! येथे महाधमनीची लवचिकता गेलेली असते, जुन्या रबरासारखी ती ताठ होते. खालचा आकडा कमी आला म्हणून “चांगला आहे” असे समजू नये. ताठ नळीचेच ते लक्षण आहे. वरचा उतरविण्यासाठी औषध देताना डॉक्टर खालचाही पाहतात, कारण हृदयाला स्वतःला रक्त मिळते ते मुख्यतः त्याच्या विसाव्याच्या वेळी. क्वचित हृदयाची झडप गळते, थायरॉईड वाढते किंवा रक्त फार कमी होते, तेव्हाही अंतर रुंदावते. एकाच मापावरून मात्र काही ठरवू नये.

घरच्या यंत्राविषयी एक सांगते. हाताला पट्टा बांधून आपोआप मोजणारी बहुतेक यंत्रे पट्ट्यातली स्पंदने टिपतात. ती सर्वांत मोठी होतात, त्या जागेवरून सरासरीचा सुगावा लागतो. वरचा आणि खालचा आकडा यंत्र हिशेबाने काढते. नाडी बारीक किंवा अनियमित झाली की हा हिशेब चुकू शकतो. तेव्हा डेंग्यूच्या रोग्याचे हातपाय गार पडले असतील, पोट दुखत असेल किंवा ओकाऱ्या थांबत नसतील, तर यंत्राने ११० दाखविले तरी त्याला इस्पितळात न्यावे. आणि डॉक्टरांना फोन केलात तर “एकशेदोन आहे” एवढेच सांगू नका; दोन्ही आकडे, नाडी, मोजल्याची वेळ आणि ताप केव्हा उतरला, हे सारे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तसे वाचून दाखवा.