डोळ्यांखालचे काळे आणि गालावरचा डाग



शाळेचे स्नेहसंमेलन आले की मुलांची तोंडे रंगवायचे काम एखाद्या बाईंच्याच गळ्यात पडते. डाग झाकण्याचा जो लेप बाजारात मिळतो, त्याला कन्सीलर म्हणतात. एकच लेप डोळ्यांखाली आणि पुटकुळीच्या डागावर लावला, की डोळ्यांखाली राखाडी चंद्रकोर उमटते आणि गालावर पांढरा ठिपका. असे का बरे व्हावे?

समजा, गव्हाळ रंगाच्या एका मुलीला नाटकात उभे राहायचे आहे. डोळ्यांखाली निळसर-तपकिरी छटा आहे, गालावर जुन्या पुटकुळीचा काळपट डाग आहे. आधी डोळ्यांचे पाहू. निळसर छटेवर फिका लेप दिला की दोन्ही मिसळून राखाडी रंग होतो. निळ्याला मारतो तो नारिंगी. म्हणून पहिल्यांदा पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा लेप मुगाच्या दाण्याएवढा घेऊन, फक्त काळ्या भागावर बोटाने थोपटावा. त्यावर कातडीच्या रंगाचा, फार तर किंचित उजळ लेप अगदी पातळ द्यावा. इथली कातडी फार पातळ, हसताना सारखी दुमडणारी. म्हणून लेप ओलसर आणि पातळच हवा. घट्ट लेप घडीत साचतो आणि रेघा पडतात.

गालावरच्या डागाचे उलट आहे. तिथे लेप घट्ट, कोरडा आणि न चकाकणारा घ्यावा, म्हणजे तो जागचा हलत नाही. रंग मात्र कातडीशी तंतोतंत जुळलेला हवा. उजळ रंग दिला, तर लपवायचा डागच आधी नजरेत भरतो. बारीक कुंचल्याने डागावरच टेकवावा, मिनिटभर थांबावे, मग फक्त कडा पुसट कराव्यात. मधला भाग चोळला, की डाग पुन्हा उघडा पडतो. शेवटी त्यावर जरा पावडर दाबावी. डोळ्यांखाली मात्र नावालाच.

रंग निवडताना महाद्वार रोडवरच्या दुकानात दिव्याखाली पाहून भागत नाही. जबड्याच्या कडेला दोन-तीन रेघा ओढाव्यात, बाहेर उजेडात यावे आणि दहा मिनिटे थांबावे. काही लेप सुकल्यावर गडद होतात. जी रेघ दिसेनाशी होते, तो रंग डागासाठी आपला.

आता याची मर्यादाही ऐका. हातात आरसा घेऊन खिडकीकडे तोंड करा आणि मान जरा वर करा. डोळ्यांखालचे काळे कमी झाले, तर ती खोलगट भागाची सावली आहे. लेपाने रंग झाकतो, खड्डा भरत नाही. तसाच पुटकुळीचा उंचवटाही झाकला जात नाही. आणि पुटकुळी फुटून ओली असेल, तर तिथे काहीच लावू नका. आधी ती सुकू द्या.