ब्लूटूथ ध्वनीचे छुपे पर्याय

फोनवर वाजणारे गाणे ब्लूटूथ हेडफोनपर्यंत जसेच्या तसे सहसा जात नाही. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट इतकी माहिती लागते आणि ब्लूटूथच्या लहरींवर तेवढी जागा भरवशाने मिळत नसल्यामुळे फोन ती माहिती आक्रसून पाठवतो व हेडफोन ती पुन्हा उलगडतो. आक्रसण्याच्या आणि उलगडण्याच्या या ठरावीक रीतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा कोडेक संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ साधनात असावाच लागतो, तर एएसी, ॲपटीएक्स, एलडॅक हे कोडेक फोन आणि हेडफोन या दोहोंत असतील तरच वापरता येतात. जोडणी होताना दोन्ही साधने आपसात बोलणी करून त्यांतला एक निवडतात आणि ती निवड बहुधा योग्यच असते.

ही निवड हाताने बदलण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून आहे, परंतु ती नेहमीच्या सेटिंगमध्ये दिसत नाही. फोनच्या माहितीच्या पानावरील Build number या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की Developer options हे पान खुले होते, आणि तेथे Bluetooth Audio Codec, Bluetooth Audio Sample Rate असे पर्याय सापडतात. मात्र ते बदलताना हेडफोन जोडलेला असावा लागतो. निवडलेला पर्याय लगेच पूर्वपदावर गेला, तर समोरच्या साधनाने तो नाकारला असे समजावे. अनेक फोनांत हेडफोन पुन्हा जोडल्यावरही ही निवड पुसली जाते, त्यामुळे एकदा केलेला बदल कायमचा राहील असे गृहीत धरता येत नाही.

बदलाचा खरा उपयोग दोन प्रसंगी होतो. दोन्ही साधनांत चांगला कोडेक असूनही जोडणी एसबीसीवर अडकली असेल, तर तो हाताने निवडता येतो. पण त्याआधी त्या हेडफोनच्या स्वतःच्या ब्लूटूथ पानावरील उच्च दर्जाच्या ध्वनीचा खटका बंद तर नाही, आणि हेडफोन एकाच वेळी दोन साधनांना जोडलेला तर नाही, हे पाहणे श्रेयस्कर, कारण काही हेडफोन अशा दुहेरी जोडणीत एलडॅक सोडून देतात. दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट, म्हणजे दर्जा मुद्दाम खाली आणण्याचा आहे. सोनी कंपनीचा एलडॅक सेकंदाला ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट पाठवू शकतो आणि परिस्थितीनुसार हा वेग आपोआप कमीजास्त करण्याचा पर्यायही त्यात असतो. ज्याने हौसेने ९९० कायम केले, त्याला घरात काही जाणवत नाही. परंतु गर्दीच्या लोकल स्थानकात, जेथे असंख्य ब्लूटूथ साधने व वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात दाटलेली असतात आणि खिशातला फोन व कान यांच्यामध्ये लहरी शोषणारे शरीर येते, तेथे गाणे तुटू लागते. फोन हातात वर धरताच तुटणे थांबले, तर दोष हेडफोनचा नसून लहरींच्या वाटेचा आहे, आणि ६६० किंवा आपोआप बदलणारा वेग निवडल्यास तो बहुधा मिटतो.

सॅम्पल रेटच्या बाबतीत मोह अधिक आणि लाभ कमी असतो. ध्वनिलहर सेकंदाला किती वेळा मोजली जाते, ते या आकड्यावरून कळते. मोजणीच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचा ध्वनी त्यात मावतो, म्हणून ४४.१ किलोहर्ट्झची मोजणी २० किलोहर्ट्झच्या आसपास संपणाऱ्या मानवी श्रवणाला पुरून उरते. बहुतेक गाणी ४४.१ वर आणि चित्रफिती ४८ वर असतात. अशा वेळी ९६ निवडल्यास फोन मधले आकडे गणिताने भरून काढतो, मूळ ध्वनिमुद्रणात नसलेले काही त्यातून निर्माण होत नाही. उलट ९६ किलोहर्ट्झ व २४ बिटांच्या दोन वाहिन्यांना सेकंदाला ४,६०८ किलोबिट लागतात, आणि ते एलडॅकच्या त्याच ९९० मध्ये कोंबायचे म्हणजे साडेचारपटीहून अधिक आक्रसणे आले, तर ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिटांच्या ध्वनीला त्याच्या ९०९ किलोबिटांच्या वेगात केवळ दीडपटीच्या थोडे वर आक्रसावे लागते. ज्यांच्याकडे खरोखर ९६ किलोहर्ट्झची ध्वनिमुद्रणे आहेत त्यांनी हा पर्याय खुशाल वापरावा. इतरांनी Use System Selection हीच मूळ निवड ठेवणे शहाणपणाचे.

फोनवरील संभाषण अस्पष्ट येते म्हणून Developer options च्या पानावर येणाऱ्यांची संख्याही थोडी नसावी, पण त्यांचा शोध चुकीच्या जागी असतो: नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीत बोलणे सुरू होताच संगीताची वाट बंद होऊन दुतर्फी बोलण्याची वेगळी वाट उघडते, तिची मोजणी बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झचीच असते, आणि वर सांगितलेला एकही पर्याय तिला लागू पडत नाही.