आधी उजेडाची जागा पाहा

एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा, अशी साडीतली स्त्री आपल्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर नाहीतर मोबाइलवर पाहिली असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. पण रविवर्मा १९०६ साली गेले, आणि हे चित्र त्यानंतर चार दशकांनी सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी काढलं, तेही जलरंगात. इतका गडद, भरीव अंधार जलरंगात जमतो हे पटत नाही, म्हणून लोक फसतात. मोबाइलवरच्या बोटभर फोटोत तर सगळीच माध्यमं सारखी दिसतात.

मग फोटोवरून ओळखायचं कसं? चित्रातली सर्वांत उजळ जागा मोठी करून पाहा आणि विचारा, हा उजेड कागदाचा की रंगाचा? पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत, कागद कोरा सोडतात. म्हणजे उजेड असतो तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि कागदाचा पोत स्पष्ट दिसतो. तैलरंगात बरोबर उलटं घडतं. तिथे उजेडाच्या जागी बहुधा पांढऱ्याचा सर्वांत जाड थर बसतो आणि सावल्या पातळ राहतात. दिव्याच्या चित्रात बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड तैलरंगात असता, तर तिथे रंग थोडा उठलेला दिसायला हवा होता.

जलरंगाची आणखी एक खूण फोटोत चांगली टिकते. वर्तमानपत्रावर सांडलेला चहा वाळला की त्याच्या कडेला गडद रेघ उमटते ना, तशीच रेघ रंगाच्या ओल्या डागाभोवती राहते. पाणी कडेकडून आधी उडतं आणि रंगाचे कण तिकडे ओढले जातात. दोन वॉश एकमेकांवर आले की तेवढा पट्टा गडद होतो आणि खालची रेघ वरूनही दिसते.

गॉशसुद्धा पाण्यातलाच रंग, पण अपारदर्शक. शाळेतल्या पोस्टर कलरचा हा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. इथे गडद रंगावर फिकट रंग खुशाल बसतो. पृष्ठभाग सपाट आणि निस्तेज असतो, कुठेही चमक नाही. मात्र खालचा थर वाळूनही पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे निळ्यावर पांढरी रेघ ओढली तर ती जागोजागी निळसर होते. तसा मळकेपणा दिसला की गॉशचा संशय घ्या. पेस्टलही असाच निस्तेज, पण तिथे ओल नाहीच. रंगाची भुकटी कागदाच्या उंचवट्यांवर अडकते आणि खळग्यांत कागद उघडा राहतो, म्हणून रेघ तुटक दिसते. बोटाने घासलेल्या जागी ती धुरकट होते, आणि बाजूलाच खडूचा ताजा फटकारा असतो. एक सावधगिरी: मोबाइल कॅमेरा फोटो आपणहून धारदार करतो आणि त्यातून खोटे दाणे तयार होतात. ते सगळ्या चित्रभर सारखे असतात. पेस्टलचे दाणे हाताच्या दाबाप्रमाणे कमीजास्त होतात.

अवघड आहे ते तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिक वेगळं करणं. त्यासाठी चित्र ज्याच्याकडे आहे त्याला दुसरा फोटो मागा. फ्लॅश बंद, खोलीत अंधार आणि भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूने टॉर्च. आता प्रत्येक उंचवट्याची सावली पडेल. तैलरंग वाळायला दिवस लागतात, म्हणून गालावरची सावली उजेडात हलकेच मिसळवता येते आणि जाड रंगात ब्रशच्या केसांच्या चऱ्या टोकदार राहतात. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळतो. त्यामुळे छटा मिसळण्याऐवजी छोट्या फटकाऱ्यांनी शेजारीशेजारी मांडलेल्या दिसतात, आणि पाणी उडून थर आक्रसल्याने उंचवटे किंचित गोलसर होतात. चित्रकाराने रंग वाळायला उशीर लावणारं द्रावण मिसळलं असेल, तर हीही खूण बिघडते.

त्याच टॉर्चच्या फोटोत बाजारातली एक लबाडीही पकडता येते. कॅनव्हासवर छापील चित्र काढून वरून पारदर्शक जेल फासतात. अशा वेळी उंचवटे एका दिशेने जातात आणि चित्रातला फटकारा दुसऱ्याच. डोळ्याची कड, केसांची बट यांच्याशी पोताचा काही संबंध राहत नाही. खूप जवळून पाहिलं तर छपाईचे ठिपकेही दिसतात.

वार्निश लावलेलं चित्र किंवा काचेमागची फ्रेम असेल, तर चमकेवरून काहीच ठरवू नका, कारण ती चमक रंगाची नसते. अशा वेळी तारीख उपयोगी पडते. चित्रकारांसाठीचे अ‍ॅक्रिलिक रंग बाजारात रुळले ते १९५० च्या दशकात. पणजोबांच्या काळातलं, १९३० सालचं म्हणून दाखवलेलं चित्र टॉर्चखाली अ‍ॅक्रिलिकसारखं दिसलं, तर तारीख आणि माध्यम यांपैकी एक नक्की चुकीचं आहे. तेव्हा पैसे देण्याआधी तारखेची खातरजमा करायला चित्राची मागची बाजू पाहायला मागा.